भांगातलं अंदाजपत्रक

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो. पगार वर्षातून एकदा वाढतो, तोही वाढला तर. ज्या घरात केस रंगवले जातात, तिथे या दोन वाढींची सांगड कोणीतरी घालायला हवी आणि बहुतेक घरांत ती कोणीच घालत नाही. भांग पांढरा दिसला की पार्लरला फोन. पार्लरात गर्दी असली की कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाकीट. पाकीट कालवायलाही वेळ नसला की काजळाची पेन्सिल. दूध, वीज, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स या सगळ्यांचा हिशेब पैशापैशाने लिहिणाऱ्या घरातसुद्धा केसांचा खर्च मात्र ‘इतर’ या सोयीस्कर रकान्यात जाऊन पडतो.

डोंबिवलीतल्या एका वहिनींचं उदाहरण घेऊ. वय 52, सहकारी बँकेत नोकरी, जागा थेट काउंटरवर. काउंटरची खास गोष्ट अशी, की बसलेल्या माणसाच्या डोक्याकडे उभा माणूस वरून पाहतो. पासबुक छापून होईपर्यंत ग्राहकाला दुसरं काही काम नसतं. वहिनींच्या भांगाचं परीक्षण रोज किमान शंभरेक लोक फुकटात करतात. त्यातल्या एखाद्या आजी, ‘दमलीस गं हल्ली,’ असं म्हणून अभिप्रायही नोंदवून जातात.

वहिनींनी बँकेच्या शिस्तीने पहिलं काम केलं ते मोजमापाचं. रंग लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि बरोबर तीस दिवसांनी मुलाच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी डोक्याला लावली. पट्टीचं शून्य नेमकं कडेपासून सुरू होत नाही, कडेला दोन-तीन मिलीमीटर रिकामी जागा असते, हे अशा वेळी लक्षात येतं. मग शून्याची रेघ टाळूवर, आरसा डाव्या हातात, चष्मा कपाळावर, आणि वाचन घ्यायला ‘अहो’. ‘बारा,’ ते म्हणाले. ‘नीट बघा.’ ‘बाराच आहे, आणि मागे बरेच आहेत.’ दुसरं वाक्य कोणी विचारलं नव्हतं.

भांगाजवळ 12 मिलीमीटर, कानशिलाजवळ 10, मागे मानेवर 13. डोक्याच्या सगळ्या भागांत वाढ अगदी एकसारखी नसते, म्हणून तीन जागी मोजलेलं बरं. हिशेबाला भांगाचा आकडा धरायचा, कारण लोक तिथेच बघतात. तीस दिवसांत 12 म्हणजे दिवसाला 0.4 मिलीमीटर. कोणाचा हा आकडा 0.3 निघेल, कोणाचा 0.45. तेलाने, मसाजने किंवा केस कापल्याने तो बदलत नाही. केसाचा वाढता भाग कातडीच्या आत असतो. बाहेर दिसतो तो मेलेला धागा, आणि त्याच्या टोकाला कात्री लागली याची खबर मुळाला लागत नाही. मुंडण केलं की केस दाट आणि वेगाने येतात असं मानणाऱ्यांना वाईट वाटेल, पण डोक्यावर असा निरोप पोचवण्याची सोयच नाही.

इथे बहुतेकजणी थांबतात. महिन्याला 12 मिलीमीटर, म्हणजे महिन्याला एकदा रंग, म्हणजे वर्षाला बारा वेळा. हा हिशेब कागदावर चोख आहे आणि भांगात चूक. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस आडवे पडतात. मूळ डावीकडे 8 मिलीमीटर वाढलं आणि उजवीकडे 8, तर वरून दिसणारी पांढरी पट्टी भरते 16 मिलीमीटर. काउंटरपलीकडच्या आजींना दिसते ती ही पट्टी. तिच्यातला निम्मा वाटा डाव्या बाजूचा, ही तांत्रिक बाब त्या लक्षात घेत नाहीत.

त्यामुळे खर्च ठरतो तो केवळ वाढीच्या वेगावर नाही. किती मिलीमीटर पांढरं आपण खपवून घेऊ शकतो, यावर तो ठरतो. वेग 0.4 च आहे असं धरा. 8 मिलीमीटरला जीव कासावीस होत असेल तर दर वीस दिवसांनी रंग, वर्षाला अठरा वेळा. 12 पर्यंत धीर धरला तर तीस दिवस, बारा वेळा. 16 पर्यंत निभावलं तर चाळीस दिवस, नऊ वेळा. वेग देवाने दिलेला, सहनशक्ती मात्र आपली. पार्लरचं बिल अठरावरून नऊवर आणण्याची ताकद दुसऱ्या आकड्यात आहे.

ही सहनशक्ती वाढवायचा सगळ्यात स्वस्त उपाय रंगाच्या डब्यावरच लिहिलेला असतो. शेडच्या आकड्यांत 1 म्हणजे काळा आणि जसजसा आकडा वाढेल तसतसा रंग उजळत जातो. 3 म्हणजे गडद तपकिरी, 4 म्हणजे तपकिरी, 10 च्या आसपास एकदम फिकट सोनेरी. आपल्याकडे बहुतेकांना ऐन तारुण्यातला काळा कुळकुळीत 1 नंबर परत हवा असतो. पांढरं मूळ आणि 1 नंबर यांचा विरोध इतका ठसठशीत की 5 मिलीमीटरसुद्धा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतात. तेच 3 किंवा 4 नंबरला तोच पांढरेपणा आठवडाभर तरी उशिरा डोळ्यांत भरतो. पन्नाशीच्या चेहऱ्याभोवती 1 नंबर टोपी घातल्यासारखा दिसतो तो भाग वेगळा, पण तेवढं स्पष्ट बोलण्याचं धाडस पार्लरवाल्या मुलींपैकी फार थोड्या करतात.

वहिनी 1 वरून 3 वर आल्या. तरी काउंटरमुळे 8 मिलीमीटरची मर्यादा काही सुटेना. वीस दिवसांचं चक्र, वर्षाला अठरा वाऱ्या. त्यांच्या गल्लीतल्या पार्लरचा रूट टच-अपचा दर 1,400 रुपये. 18 गुणिले 1,400, म्हणजे 25,200. हा आकडा त्यांनी अहोंना सांगितला नाही. कॅल्क्युलेटरवरून पुसलासुद्धा.

मग सुरू झाली काटछाट, आणि ती करायची तर रंग डोक्यावर नेमकं काय करतो हे ठाऊक असावं लागतं. कायमच्या रंगातला अमोनिया केसाच्या बाहेरच्या खवल्यांचं आवरण उघडतो. रंगाचे लहान लहान रेणू आत शिरतात. डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, जे पांढऱ्या केसांसाठी बहुधा 6 टक्क्यांचं वापरतात, त्यांना आतल्या आत एकमेकांशी जोडतं. जोडून ते इतके मोठे होतात की बाहेर निघता येत नाही. म्हणून एकदा रंगलेला केस धुण्याने थोडा फिका पडेल, पण पुन्हा पांढरा होत नाही. पांढरं दिसतं ते फक्त नवीन उगवलेलं. थोडक्यात, काम दर वेळी सेंटीमीटरभर जागेचंच असतं.

पार्लरमध्ये मात्र या सेंटीमीटरला वाढवून सांगण्याकडे कल असतो. ‘मॅडम, ग्लोबलच करून टाकू या ना, एकसारखं दिसेल.’ ग्लोबल म्हणजे मुळापासून शेंड्यापर्यंत, आणि दर केसांच्या लांबीवर, म्हणजे कमरेपर्यंत केस असलेल्या बाईला इथे दंडच. शिवाय आधी रंगलेल्या केसावर दर महिन्याला पुन्हा रंग चढवला की शेंडे गडद होत होत शेवटी काळे ठिक्कर आणि कोरडे पडतात, मुळं तपकिरीच राहतात. मग ते ‘एकसारखं’ करण्यासाठी आणखी एक सेवा निघते. शेंडे फारच उतरले असतील तर शेवटची पाच-दहा मिनिटं रंग खाली ओढून घेतला तरी पुरतो. तेही दर वेळी नाही.

दुसरी गळती ट्यूबमध्ये. मुळांपुरत्या कामाला साधारण अर्धी ट्यूब होते, पण उत्साहात पूर्ण पिळली जाते. डेव्हलपरमध्ये मिसळलेला रंग उरला तर तो मोरीत ओतण्यावाचून गत्यंतर नाही, कारण मिसळल्या क्षणापासून प्रक्रिया सुरू होते आणि तासाभरात त्यातला दम जातो. ‘परवा वापरू’ म्हणून तो झाकणबंद बाटलीत ठेवला तर आत वायू साठतो आणि बाटली फुगून फुटू शकते. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर 3 नंबरचा शिडकावा झाला तर त्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा हा वेगळाच प्रश्न. न मिसळलेली उरलेली अर्धी ट्यूब मात्र तोंड पुसून, टोपण घट्ट लावून पुढच्या वेळेला चालते. वहिनींनी यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, त्यावर प्लॅस्टिकची वाटी ठेवून ट्यूबमधून मोजून रंग काढला. त्याच काट्यावर पूर्वी केकचा मैदा मोजला जाई. आता मैद्याला जुना तराजू आहे.

या सगळ्यातून निघाली वहिनींची खरी योजना. पूर्ण डोक्याची मुळं पार्लरमध्ये, दर चाळीस दिवसांनी. आणि दोन वाऱ्यांच्या बरोबर मध्ये, विसाव्या दिवशी, घरी फक्त पुढचं काम: भांगाची रेघ, कपाळाची कड आणि दोन्ही कानशिलं. मागचे केस मागच्यांना दिसतात. ते बोलत असतील तर मागे बोलतात, त्याला इलाज नाही. पार्लरच्या नऊ वाऱ्या 12,600 रुपयांच्या. घरच्या नऊ वेळा, पाकीट आणि हातमोजे धरून शंभरेक रुपये, म्हणजे 900. अडीअडचणीला भांगात फिरवायची एक कन्सीलर कांडी 400 रुपयांची. एका अचानक ठरलेल्या लग्नासाठी राखीव 1,400. एकूण 15,300, महिन्याला 1,275. हा आकडा अहोंना सांगण्यासारखा झाला. सांगितलाही. त्यावर ते म्हणाले, ‘माझ्या मिशीचे धरलेस का?’

मिशीचं गणित खरं तर जास्त निर्दय आहे. मिशीचा केसही दिवसाला 0.3 ते 0.4 मिलीमीटरच्या आसपास वाढतो, पण त्याची एकूण लांबीच जेमतेम 10 मिलीमीटर. आठवड्यात अडीच मिलीमीटर पांढरं उगवलं की पाव मिशी गेली. वरून दर रविवारी टोकं छाटायची सवय असली, तर रंगवलेला भागच कात्रीखाली जातो आणि चार-पाच आठवड्यांत रंग औषधालाही उरत नाही. डोक्याला महिन्याचं चक्र, मिशीला आठवड्याचं. आणि ओठाच्या वरची कातडी टाळूपेक्षा नाजूक, शिवाय तो वास सतत नाकाखाली. अहोंना वर्षाला पाकिटांचे 600 रुपये मंजूर झाले. मिशी काढून टाकण्याचा पर्यायही मांडला गेला होता, तो चर्चेविना फेटाळला गेला.

आकडे जमले, तारखा जमेनात. केस दिवस मोजून वाढतो. पगार इंग्रजी महिन्याने होतो. सण मात्र चंद्रावर चालतात. चाळीस दिवसांचं चक्र जानेवारीत लावून दिलं आणि वर्षभर विसरलं, असं आपल्याकडे चालत नाही. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला. अठरा दिवस पुढे! अठरा दिवस म्हणजे भांगात 7 मिलीमीटरहून जास्त. मागच्या वर्षीच्या तारखा बघून या वर्षी नंबर लावणारी बाई आरतीला पांढऱ्या भांगाने उभी राहील.

2026 चा गणपती ते दिवाळी हा टप्पा सोडवून बघण्यासारखा आहे. गणपती सोमवारी, 14 सप्टेंबरला. रंग आदल्या दिवशी लावायचा नाही, कारण पहिल्या दिवशी तो सपाट दिसतो आणि कपाळाच्या कडेला, कानाच्या पाळीवर डाग असतात. दोन-तीन न्हाणी झाली की तो केसासारखा दिसू लागतो. म्हणून पार्लर 10 सप्टेंबरला. पुढचे चाळीस दिवस मोजले तर येतो 20 ऑक्टोबर, म्हणजे ऐन दसरा. त्या दिवशी पार्लर उघडं असलं तरी वहिनी पुरणात. तेव्हा चार दिवस आधी, 16 ऑक्टोबर. तिथून लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. चार नोव्हेंबरला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, घरचं पुढचं काम करायचं आणि दिवाळी गाठायची. त्या आठवड्यात पार्लरात बसायला खुर्ची मिळत नाही आणि दर ‘फेस्टिव्ह’ झालेला असतो, ते दोन्ही टळतं.

वहिनींच्या मनात आधी उलटं होतं. दसरा घरच्या पाकिटावर निभवायचा आणि दिवाळीला, नणंद येणार म्हणून, पार्लर. तसं केलं असतं तर 10 सप्टेंबर ते 4 नोव्हेंबर, पंचावन्न दिवस मागच्या केसांना हात लागला नसता. 22 मिलीमीटर. एक तर बऱ्याच पार्लरांत टच-अपचा दर इंचभर वाढीपुरताच असतो आणि 22 म्हणजे इंचाच्या उंबरठ्यावर. पण निर्णय झाला तो दुसऱ्याच कारणाने. दसऱ्याला वहिनी नऊवारी नेसून अंबाडा घालतात. केस वर ओढले की मानेवरची मुळं उघडी पडतात, आणि गजरा कितीही मोठा घेतला तरी तो अंबाड्याभोवती बसतो, मानेवर उतरत नाही. वेळापत्रकात कोणता सण महत्त्वाचा यापेक्षा कोणत्या सणाला केस कसे बांधणार हे आधी विचारावं लागतं.

त्याच 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, वास्तुशांत नाही. अंदाजपत्रकाच्या दृष्टीने हा वर्षातला सगळ्यात मोकळा टापू. पार्लरची एक वारी साठ दिवसांपर्यंत ताणावी, मधल्या काळात घरच्या पाकिटावर भागवावं, 1,400 वाचवावेत, असं वहिनींनी पेन्सिलीने लिहून ठेवलं. मग लक्षात आलं की अधिकात जावयाला बोलवायचं असतं. तो येणार म्हणजे विहीणबाईही ‘सहज’ येणार. वाचलेले पैसे अनारशांना आणि वाणाच्या ताटाला गेलेच, वर मूळची वारीही करावी लागली.

एक गोष्ट मात्र पेन्सिलीने लिहायची नाही. रंगातला पीपीडी, पूर्ण नाव पॅराफिनिलीनडायअमिन, काही जणांच्या कातडीला सोसत नाही, आणि हे पहिल्याच वेळी कळतं असं नाही. दहा वर्षं बिनबोभाट चाललेला रंग अकराव्या वर्षी खाज, पुरळ आणि सुजलेल्या पापण्या घेऊन येऊ शकतो. शेड जितकी गडद तितकं त्याचं प्रमाण सहसा जास्त, आणि ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पुड्यांतही तोच असतो. म्हणून कानामागे थोडासा लावून 48 तास थांबायचं. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी असतो, पांढऱ्या केसावर तर झेंडूसारखा, काळा करायला वरून नीळ लावावी लागते. तासाभरात कुळकुळीत काळं करणारी मेंदी ही मेंदी नव्हे, एवढं ओळखलं तरी पुष्कळ. वहिनींच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी एक टिंब आहे. अहोंना बरेच दिवस वाटे, ते गॅसचं आहे.

काजळाची पेन्सिल राहिली. भांगात ती दिसते चांगली, पण घाम आला की खाली उतरते, आणि डोंबिवलीहून सकाळी 8 च्या लोकलने जाणाऱ्या बाईला घाम कुठे येतो हे विचारायचं कारण नाही. कांडी आणि पावडर त्याहून बऱ्या, एका शाम्पूत जातात, पावसात थोड्या लवकर. वहिनी ती कांडी पर्समध्ये ठेवतात आणि वापरतात ती फक्त सतराव्या ते विसाव्या दिवसात. भांग एक बोट डावीकडे सरकवला तरी तेवढे दिवस निघतात, पण मग लोक विचारतात, ‘काही बदललंय का?’ आणि उत्तर द्यावं लागतं.

रंग सोडूनच द्यायचा, हा पर्यायही त्यांनी एकदा मांडून पाहिला. खर्च शून्य. वेळ मात्र मोजावा लागतो. केस खांद्यापर्यंत, म्हणजे 30 सेंटीमीटर. महिन्याला 1.2 ने वाढले तर अख्खा केस आपल्या रंगाचा व्हायला पंचवीस महिने. तोवर वर पांढरं, खाली 3 नंबर, आणि दोघांच्या मधली सीमारेषा दर महिन्याला सेंटीमीटरभर खाली सरकणारी. केस कानापर्यंत कापले तर हे काम वर्षाच्या आसपास होतं. वहिनींनी पंचवीस महिने कॅलेंडरवर पुढे मोजले. त्यात भाच्याचं लग्न होतं, मुलीचं डोहाळजेवण होण्याची शक्यता होती आणि त्यांची स्वतःची बढतीची मुलाखत होती. त्यांनी वही उलटली आणि 10 सप्टेंबरच्या पुढे पार्लरचा फोन नंबर लिहिला.

अहोंनी मात्र त्याच सुमारास मिशी सोडून दिली, म्हणजे रंगवणं. पाच आठवड्यांत ती पूर्ण पांढरी झाली. त्यांचे 600 रुपये परत मागायला ते आले, तेव्हा ते आधीच राखीव निधीत जमा झाले होते.